आमची पावलं पतसंस्थेच्या टेबलावर नकोत

प्रति,
मा. अध्यक्ष आणि संचालक मंडळ,
आमची शिक्षक सहकारी पतसंस्था, सांगली.

विषय : नव्या गट आरोग्य विम्याबरोबर येणारं चालण्याचं अ‍ॅप, त्यावरची सवलत आणि सभासदांची माहिती.

स.न.वि.वि.

मी संस्थेची सभासद नाही. माझे यजमान आहेत, आणि त्यांच्या पॉलिसीत पत्नी म्हणून माझं नाव असल्यामुळे तुमचं परिपत्रक मलाही लागू होतं. शिवाय माझी सगळी नोकरी एका विमा कंपनीच्या गट विभागात गेली. कारखान्यांच्या, बँकांच्या, पतसंस्थांच्या पॉलिसींचे दर काढणं आणि रिन्यूअलच्या वेळी त्यांच्याशी घासाघीस करणं हेच माझं काम होतं. त्यामुळे परिपत्रकाची पहिली दोन पानं वाचून झाल्यावर सवयीने आधी शेवटची परिशिष्टं उघडली. बोलायचं आहे ते मुख्यतः परिशिष्टांबद्दल, पण सुरुवात सवलतीपासून करते, कारण सभासदांचं लक्ष तिथेच गेलेलं आहे.

परिपत्रक म्हणतं : प्रत्येक सभासदाच्या कुटुंबामागे वर्षाला 18,000 रुपये प्रीमियम. मोबाइलमध्ये अ‍ॅप घ्यायचं, ते वर्षभर पावलं मोजेल. रोजची सरासरी 10,000 पावलांच्या वर गेली तर पुढच्या रिन्यूअलला 10 टक्के सूट, 7,500 ते 10,000 मध्ये राहिली तर 5 टक्के, त्याखाली काही नाही. वर्षाकाठी 1,800 रुपये वाचणार म्हटल्यावर कुणीही खूश होईल. विश्रामबागेत संध्याकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींनी तर आत्तापासूनच आकडे लावायला सुरुवात केली आहे.

अशा योजनांना नियामकाची परवानगी आहे, त्यात बेकायदेशीर काही नाही. विमा नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर 2020 मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. निरोगी राहण्याबद्दल गुण द्यायचे आणि त्या गुणांच्या बदल्यात रिन्यूअलला सूट किंवा तत्सम लाभ द्यायचा, हे त्यात मान्य आहे. माझा प्रश्न असा की 18,000 च्या 10 टक्के म्हणजे 1,800 हा हिशेब कुणी केला? सूट यंदाच्या प्रीमियमवर मिळणार नाही, पुढच्या वर्षीच्या प्रीमियमवर मिळणार आहे. आणि गट विम्याचा पुढच्या वर्षीचा प्रीमियम पावलांवर ठरत नाही, क्लेमवर ठरतो.

आपल्याच आकड्यांवर करून दाखवते. समजा 500 सभासद आले. 18,000 प्रमाणे कंपनीकडे 90 लाख जमा झाले, आणि वर्षभरात क्लेमही 90 लाखांचेच गेले. पहिल्या वर्षी हे सहज घडतं. वर्षानुवर्षं पुढे ढकललेली गुडघ्याची, मोतीबिंदूची ऑपरेशनं पॉलिसी हातात पडली की लोक उरकून घेतात, आणि चांगली रुग्णालयं तर आपल्याला मिरजेत हाकेच्या अंतरावर आहेत. रिन्यूअलला कंपनीचा माणूस कागद काढतो : क्लेम रेशो 100 टक्के. त्याला तो, समजा, 80 टक्क्यांवर हवा असतो, कारण उरलेल्या 20 मध्ये क्लेमचे कागद हाताळणाऱ्या मधल्या संस्थेची, म्हणजे टीपीएची फी, ब्रोकर, कार्यालयाचा खर्च आणि हे अ‍ॅपसुद्धा बसवायचं असतं. मग तो 90 लाखांना 0.80 ने भागतो. उत्तर येतं 1 कोटी 12 लाख 50 हजार. 500 सभासदांत वाटलं की माणशी 22,500. महागाईची वाढ यात अजून धरलेलीच नाही.

आता 10,000 पावलं इमानेइतबारे चाललेल्या सभासदाला 22,500 वर 10 टक्के सूट मिळते, म्हणजे 2,250 रुपये. तो भरतो 20,250. गेल्या वर्षीपेक्षा 2,250 जास्त, आणि पावती हातात घेऊन खूशही असतो की सवलत मिळाली. जो चालला नाही, तो 22,500 भरतो. गुडघ्याचं एक ऑपरेशन दोन लाखांचं धरलं तर त्या एका क्लेममध्ये जवळजवळ नव्वद जणांची सवलत पुसली जाते.

तुम्ही म्हणाल, लोक चालायला लागले तर क्लेमच कमी होतील, मग प्रीमियमही उतरेल. हे ऐकायला बरं वाटतं. अमेरिकेत हे नीट तपासून पाहिलं गेलं आहे. एका घाऊक दुकानसाखळीच्या 160 शाखांतले सुमारे 33,000 कर्मचारी घेऊन, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या शाखांत असा आरोग्य कार्यक्रम राबवला आणि बाकीच्यांत नाही. त्याचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. दीड वर्षानंतर लोक आपण व्यायाम करतो असं जास्त प्रमाणात सांगत होते, पण रक्तदाब, साखर, वजन, उपचारांचा खर्च, रजा यांत दखल घेण्याजोगा फरक नव्हता. इलिनॉय विद्यापीठातल्या अशाच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली : कार्यक्रमात आपणहून नाव घालणारे कर्मचारी आधीपासूनच कमी आजारी आणि कमी खर्चाचे होते. विम्याचा दर काढणारा माणूस हे वाक्य दोनदा वाचतो. त्याच्या दृष्टीने अ‍ॅप म्हणजे चांगले ग्राहक वेगळे काढण्याचा रस्ता ठरतो. चालण्याने ते चांगले झाले की नाही याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. आणि सूट दिली ती कुठून तरी भरून काढावी लागतेच. ती न चालणाऱ्यांच्या 22,500 मधूनच निघते.

म्हणजे ही सवलत सभासदांची सभासदांनाच वाटलेली आहे. तेवढ्यावरही मी गप्प बसले असते. पण ती वाटताना कोण मागे राहतं ते पाहा.

मोबाइलमध्ये हालचाल ओळखणारा एक लहानसा सेन्सर असतो. चालताना शरीर ठरावीक लयीत वरखाली होतं, त्या लयीचे चढ तो मोजतो आणि त्याला पाऊल म्हणतो. यासाठी फोन अंगावर असावा लागतो. पँटच्या खिशात फोन टाकून वर्गावर्गातून हिंडणाऱ्या सरांची पावलं मोजली जातात. बाईंचं काय? साडीला खिसा नाही. फोन पर्समध्ये, पर्स स्टाफरूमच्या कपाटात, आणि बाई पाचवी ते सातवीच्या वर्गांत दिवसभर उभ्या. संध्याकाळी अ‍ॅपमध्ये त्यांची पावलं दिसतात ती घरापासून एसटी स्टँडपर्यंतची आणि परतीची. घरी गेल्यावर स्वयंपाकघरात ओट्यापासून कपाटापर्यंत घातलेल्या खेपा तर कुठेच नाहीत, कारण फोन तेव्हा चार्जिंगला असतो. उलट, तासगावच्या रस्त्याने खड्ड्यांतून मोटारसायकल हाणणाऱ्या एखाद्या सरांच्या खात्यात धक्क्यांचीही पावलं जमा होऊ शकतात. मनगटावर घड्याळ घातलं तर बायकांची अडचण थोडी सुटते, पण बऱ्यापैकी घड्याळाला दोन-अडीच हजार पडतात. म्हणजे पहिल्या वर्षाची सवलत घड्याळातच गेली.

आणि आपल्या संस्थेत अपंग सभासद आहेत. एका सरांना पोलिओ झालेला आहे, तुम्ही सगळे त्यांना ओळखता. त्यांनी 10,000 पावलं कशी भरायची? परिपत्रकात त्यांच्यासाठी दुसरा कुठलाही मार्ग दिलेला नाही. मुळात 10,000 हा आकडा कुठल्या वैद्यकीय प्रयोगातून आलेला नाही. तो 1965 च्या सुमाराला जपानमधल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या विक्रीतून आला. अमेरिकेत वयस्क स्त्रियांवर झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मृत्यूचं प्रमाण साधारण 7,500 पावलांपर्यंत कमी होत गेलेलं दिसलं, त्यापुढे फारसा फरक पडला नाही. आपल्या परिपत्रकात त्याच 7,500 ला निम्मीच सूट आहे.

आता माहितीकडे येते.

पैसे पावलांवर मिळणार म्हटल्यावर लोक पावलं कमवतात, चालोत न चालोत. मी नोकरीत असताना एका कंपनीच्या गटात असाच प्रयोग झाला होता. तिथे मॅडमचा फोन शिपाईमामांच्या खिशात, साहेबांचा फोन नातवाच्या पाळण्याला, असे प्रकार पहिल्याच महिन्यात सुरू झाले. शाळेत तर काय, खेळाच्या तासाला मैदानावर पळणाऱ्या पोराच्या खिशात फोन टाकला की झालं. फोन आपोआप हलवत ठेवणारी छोटी यंत्रंही ऑनलाइन मिळतात.

कंपनीला हे कळत नाही असं समजू नका. खरा माणूस एका चालीने तासभर चालत नाही. मध्ये थांबतो, ओळखीचं कुणी भेटलं की बोलतो, चढावर हळू होतो. पाळण्याला बांधलेल्या फोनची लय मिनिटामागून मिनिट तीच येते. पण ही चोरी पकडायची तर दिवसाची नुसती बेरीज पुरत नाही, दर मिनिटाची पावलं हवीत. चालताना नाडीचे ठोके वाढले का हे पाहायचं तर घड्याळातले हृदयाचे ठोके हवेत. माणूस खरंच जागेवरून हलला का हे पाहायचं तर लोकेशन हवं. अशी एकेक परवानगी वाढत जाते, आणि प्रत्येक वेळी कारण तेच दिलं जातं : खऱ्या चालणाऱ्यावर अन्याय नको.

आपल्या परिपत्रकाच्या परिशिष्ट अ मध्ये अ‍ॅपला लागणाऱ्या परवानग्यांची यादी आहे. त्यात पावलं आहेत, हृदयाचे ठोके आहेत, झोप आहे, वजन आहे, आणि लोकेशन आहे, तेही सतत. पावलांवरची सूट मोजायला माझी झोप कशाला लागते, हे मला कुणी सांगेल का?

दिवसाची बेरीज आणि मिनिटामिनिटाची नोंद यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे. बेरजेवरून एवढंच कळतं की मी काल 6,200 पावलं चालले. मिनिटांच्या नोंदीवरून कळतं की मी रात्री दोन आणि चारला उठते. लघवीला वारंवार उठणारं माणूस पन्नाशीच्या पुढचं असेल तर डॉक्टर आधी कशाची तपासणी सांगतात, हे तुम्हालाही माहीत आहे. एखाद्या तरुण शिक्षिकेची पावलं काही आठवडे अचानक उतरली, ठोके थोडे वाढले, झोप बदलली, तर तिने सासूला सांगण्याआधी ती बातमी कुठल्या तरी सर्व्हरवर गेलेली असते. लोकेशनवरून कोण कुठल्या दवाखान्यात किती वेळ बसलं हे दिसतं. हे काढायला फार हुशारी लागत नाही, नोंदी समोर असल्या की पुरतं.

आणि ही माहिती एका ठिकाणी राहत नाही. अ‍ॅप विमा कंपनीचं नाही, तिने नेमलेल्या दुसऱ्या एका कंपनीचं आहे. परिशिष्टात त्यापुढे ‘सहयोगी व भागीदार संस्था’ असे शब्द आहेत, ज्यांत कोण येतं आणि कोण नाही हे लिहिलेलं नाही. 2024 मध्ये देशातल्या एका मोठ्या आरोग्य विमा कंपनीच्या ग्राहकांचे क्लेमचे कागदसुद्धा टेलिग्रामवरून मिळत होते, हे वर्तमानपत्रांत येऊन गेलं आहे. त्या ग्राहकांनी काहीही चूक केलेली नव्हती.

आता परिशिष्ट ब. हे पत्र मी मुख्यतः त्याच्यासाठी लिहिते आहे. कंपनी दर महिन्याला संस्थेला ‘सभासद प्रोत्साहन अहवाल’ म्हणून एक एक्सेल शीट पाठवणार आहे. तिचा नमुना छापला आहे, तो बहुतेकांनी पाहिला नसेल. रकाने असे आहेत : सभासद क्रमांक, नाव, शाळा, वय, मासिक सरासरी पावलं, मागच्या महिन्यापेक्षा वाढ किंवा घट, बीएमआय, आरोग्य गुणांक, जोखीम गट. शेवटच्या रकान्यात नमुना म्हणून ‘कमी’, ‘मध्यम’, ‘जास्त’ असे शब्द भरलेले आहेत. पहिल्या दहा सभासदांची नावं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहीर करून त्यांचं अभिनंदन करायचं, असं खाली लिहिलं आहे.

कारखान्याच्या कार्यालयात अशी शीट आली असती तरी मी नको म्हटलं असतं. पण आपली पतसंस्था कर्ज देते. ती शीट ज्या टेबलावर येणार, त्याच टेबलावर कर्जाचे अर्ज येतात, आणि सभासद क्रमांक दोन्हीकडे तोच असतो.

एक उदाहरण घ्या. पन्नाशीतल्या एका सभासदाने मुलीच्या लग्नासाठी सात लाखांच्या कर्जाचा अर्ज केला आहे, मुदत पाच वर्षं. दोन जामीनदार आहेत. पगारातून कपात होणार असल्यामुळे एरवी असा अर्ज अर्ध्या तासात मंजूर होतो. पण त्याच महिन्याच्या शीटमध्ये त्याच्या नावापुढे आहे : सरासरी पावलं 8,100 वरून 2,300, घट, जोखीम गट ‘जास्त’. कर्ज समितीतला एक संचालक ती शीट पाहून आलेला आहे. तो वाईट माणूस नाही, संस्थेच्या पैशाची त्याला काळजी आहे. तो म्हणतो, सरांची तब्येत बरी दिसत नाही, जरा थांबू, तिसरा जामीनदार घेऊ. इतिवृत्तात आरोग्याचा उल्लेखही येत नाही, ‘त्रुटींची पूर्तता करावी’ एवढंच येतं. दोन जामीनदारांपैकी एकाच्या कानावर ‘सरांचं काहीतरी आहे’ असं जातं आणि तो सही मागे घेतो. प्रत्यक्षात सरांचा घोटा मुरगळलेला असतो. किंवा फोन दुरुस्तीला दिलेला असतो. किंवा 2019 सारखा कृष्णेला पूर आलेला असतो आणि सर आठवडाभर दुसऱ्या मजल्यावर अडकलेले असतात. शीटमध्ये कारणाचा रकाना नाही.

असं होईलच असं मी म्हणत नाही. आत्ताचे संचालक तसं करणार नाहीत असंही धरू. पण दर पाच वर्षांनी निवडणूक होते, आणि आपल्या निवडणुकीत पॅनेलवाले एकमेकांची कुठली कुठली लक्तरं काढतात ते आपण पाहिलेलं आहे. विरोधी पॅनेलच्या उमेदवाराचा जोखीम गट ‘जास्त’ आहे हे कुणाच्या तरी पेनड्राइव्हवर असणं, एवढं प्रचाराला पुरेसं आहे.

विम्याच्या बाजूनेही एक दार उघडं राहतं. गटात असताना जुने आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात, म्हणून तिथे भीती कमी. सभासद निवृत्त झाला की गटातून बाहेर पडतो आणि त्याला स्वतःची वैयक्तिक पॉलिसी घ्यावी लागते, नेमकी ज्या वयात गरज जास्त त्या वयात. वैयक्तिक पॉलिसीत जुन्या आजारांसाठी कंपनी जास्तीत जास्त 36 महिने थांबायला लावू शकते, आणि फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवली या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही ही स्थिती सलग 60 महिन्यांनंतर येते. मधल्या काळात दम लागतो म्हणून दाखल झालेल्या निवृत्त शिक्षकाला कुणी म्हणालं की तुमची पावलं तर दोन वर्षांपूर्वीपासूनच कमी होत होती, त्रास तेव्हाचा आहे, तर? आपल्या करारात असं म्हणायला मनाई करणारं एकही कलम नाही. मी शोधलं.

कायद्याचं थोडक्यात सांगते. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होतात. आपला करार तीन वर्षांचा आहे, तेव्हा तो कायद्याच्या कक्षेत येणारच. त्यात संमती मोकळेपणाने दिलेली आणि ठरावीक कामापुरती असावी लागते, आणि त्या कामाला जेवढी माहिती आवश्यक तेवढीच घेता येते. कायद्यातच उदाहरण दिलं आहे : फोनवरून वैद्यकीय सल्ला देणाऱ्या अ‍ॅपने फोनमधली संपर्क यादी मागितली आणि रुग्णाने हो म्हटलं, तरी यादीपुरती ती संमती धरली जात नाही, कारण सल्ल्यासाठी यादी लागत नाही. माझ्या झोपेला हेच लागू होतं. दुसरं उदाहरण तर थेट विम्याचं आहे. पॉलिसी घेताना ग्राहकाने ‘मी माहिती संरक्षण मंडळाकडे तक्रार करणार नाही’ असंही मान्य केलं, तर संमतीचा तेवढा भाग रद्द समजावा, असं त्यात म्हटलं आहे. आपल्या संमतीपत्राचा सहावा मुद्दा वाचा : ‘माहितीच्या वापराबाबत संस्था व कंपनीविरुद्ध कोणतीही तक्रार राहणार नाही.’ कुठल्या वकिलाने लिहिलं हे, माहीत नाही, पण त्याने कायदा वाचलेला नाही. शिवाय संमतीची विनंती मराठीतही मिळण्याचा सभासदांना हक्क आहे. आत्ताचं संमतीपत्र मराठीत आहे, पण ज्या अटींना त्यात ‘मी वाचून मान्य केल्या’ म्हटलं आहे, त्या अ‍ॅपमध्ये फक्त इंग्रजीत आहेत.

आणि लक्षात घ्या, शीट संस्थेकडे आली की तिची जबाबदारीही संस्थेकडे येते. सुरक्षेत हयगय होऊन माहिती फुटली तर या कायद्यात दंडाची कमाल मर्यादा 250 कोटींपर्यंत आहे. आपल्याला तेवढा होणार नाही हे उघड आहे, पण आपल्या कार्यालयात एकच कॉम्प्युटर आहे आणि त्याचा पासवर्ड त्याच्याच पडद्याच्या कडेला चिकटवलेला आहे.

माझं म्हणणं विमा घेऊ नका असं नाही. विमा घ्याच. मिरजेत एका अँजिओप्लास्टीने घर कर्जात गेलेलं मी पाहिलं आहे. दरही मला ठीक वाटतो. मला बदल हवा आहे तो परिशिष्टांत, आणि तो सही होण्याआधीच होऊ शकतो, नंतर नाही. कंपनीला पाचशे कुटुंबांचा गट हवा आहे, ती ऐकते. मी टेबलाच्या त्या बाजूला बसलेली आहे, म्हणून सांगते.

परिशिष्ट ब पूर्ण काढून टाका. संस्थेला नावानिशी काहीही यायला नको. किती जणांना 10 टक्के मिळाले, किती जणांना 5, एवढे दोन आकडे वर्षातून एकदा आले तरी अहवालात छापायला पुरतात. सवलतीची रक्कम ज्याची त्याला कंपनीने परस्पर कळवावी आणि खात्यात जमा करावी, पगारकपातीत बदल करून नको, नाहीतर कपातीच्या यादीवरून कोण चाललं आणि कोण नाही ते पुन्हा उघड होईल. व्हॉट्सअ‍ॅपवरचं अभिनंदन तर आजच रद्द करा.

परिशिष्ट अ मध्ये पावलांची दिवसाची बेरीज एवढी एकच नोंद ठेवा. लोक थोडी लबाडी करतील, करू देत. 2,250 रुपयांची लबाडी पकडायला पाचशे कुटुंबांच्या रात्री मोजायच्या, हा सौदा कुठल्याही दर काढणाऱ्याला परवडणारा नाही. ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांना फोन अंगावर ठेवता येत नाही त्यांच्यासाठीही, वर्षातून एकदा तपासणी करून घेतली की तीच सूट, असा पर्याय लिहा. तपासणी केल्याची पावती द्यायची, रिपोर्ट नाही. खरं म्हणजे माझं मत विचाराल तर सगळ्यांनाच हा पर्याय द्या आणि पावलं सोडून द्या. साखर आणि रक्तदाब वेळेवर कळण्याने जेवढा उपयोग होईल, तेवढा अ‍ॅपने होईल असं मला वाटत नाही.

करारात एक नवं कलम घाला : अ‍ॅपमधून आलेली कुठलीही नोंद क्लेम मंजूर करताना, जुना आजार ठरवताना, किंवा सभासद वैयक्तिक पॉलिसीत जाताना वापरली जाणार नाही, आणि रिन्यूअल झाल्यावर ठरलेल्या मुदतीत पुसली जाईल. त्या ‘सहयोगी व भागीदार’ संस्थांची नावं लिहून घ्या. कंपनी या कलमावर सही करायला नकार देत असेल, तर नकाराचं कारण लेखी मागा आणि ते सर्वसाधारण सभेत वाचून दाखवा.

ज्या सभासदांनी अ‍ॅप आधीच घेतलं आहे त्यांच्यासाठी थोडं. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘Health Connect’ शोधा, त्यात ‘App permissions’ उघडा आणि या अ‍ॅपच्या नावावर बोट ठेवा. प्रत्येक गोष्टीची परवानगी तिथे वेगवेगळी दिसते. ‘Steps’ तेवढं चालू ठेवा, ‘Heart rate’, ‘Sleep’, ‘Weight’ बंद करा. पावलं तरीही मोजली जातात. लोकेशन वेगळं असतं, ते फोनच्या नेहमीच्या परवानग्यांत जाऊन नाकारावं लागतं. एक लक्षात ठेवा, अशी परवानगी पहिल्यांदा दिली की अ‍ॅपला त्याआधीच्या 30 दिवसांच्या नोंदीही वाचता येतात, तेव्हा आज बंद केलं तरी मागचा महिना बहुधा गेलेला आहे. तो पुसायचा तर कंपनीला लेखी अर्ज करावा लागेल. अर्जाचा मराठी नमुना मी करून ठेवला आहे. संस्थेच्या कार्यालयात ठेवायची तुमची तयारी असेल तर पन्नास प्रती आणून देते.

परिपत्रकानुसार संमतीपत्रं जमा करण्याची मुदत या महिनाअखेरीला संपते. ती सर्वसाधारण सभेनंतरच्या पंधरवड्यापर्यंत वाढवावी, आणि दोन्ही परिशिष्टं नोटीस बोर्डावर, वाचता येतील एवढ्या अक्षरांत लावावीत. तोपर्यंत आमच्या घरातून संमतीपत्र येणार नाही. यजमानांचं प्रीमियमचं पत्र मात्र सही करून सोबत जोडलं आहे.

आपली,
एका सभासदाची पत्नी आणि पॉलिसीतली दुसरी व्यक्ती
विश्रामबाग, सांगली